क्लासच्या हजेरीचं ॲप: डेव्हलपरला काय लिहून द्यायचं?

‘हजेरीचं ॲप करायचंय. मूल आलं नाही की पालकांना मेसेज गेला पाहिजे. किती घ्याल, कधी द्याल?’ खासगी शिकवणी चालवणारे सर किंवा मॅडम फ्रीलान्स डेव्हलपरला बहुधा एवढाच मजकूर पाठवतात. उत्तरादाखल एक जण पंधरा हजार सांगतो, दुसरा दीड लाख. दोघांपैकी कुणी लबाड असेलच असं नाही. पहिल्याच्या डोळ्यांसमोर नावांची यादी आणि दोन बटणं आहेत. दुसऱ्याने पालकांसाठी वेगळं ॲप, फीचा हिशेब आणि परीक्षेचे गुण असं सगळं धरलं आहे. तुम्ही काय हवं ते सांगितलंच नाही, म्हणून प्रत्येकाने आपापल्या मनातल्या ॲपची किंमत सांगितली.

हे टाळायचं तर दोन-तीन पानांचं टिपण लिहावं लागतं. या धंद्यात त्याला ब्रीफ म्हणतात. ते लिहायला कॉम्प्युटरचं ज्ञान लागत नाही. आपला क्लास रोज कसा चालतो हे नीट माहीत असावं लागतं. एक उदाहरण घेऊन पाहू. समजा मिरजेत आठवी ते दहावीचा एक क्लास आहे. सहा बॅचेस, प्रत्येकीत तीस मुलं, म्हणजे एकूण १८०. शिकवणारे चौघं: स्वतः सर आणि तीन शिक्षक. हजेरी आज रजिस्टरमध्ये लागते आणि कोण आलं नाही याचे फोन ऑफिसमधल्या मावशी वेळ मिळेल तसे करतात.

टिपणाची सुरुवात वैशिष्ट्यांच्या यादीने करू नये. आधी अडचण लिहावी. इथे ती अशी: ‘मुलगा घरून क्लासला निघाला पण पोहोचला नाही, हे पालकांना बॅच सुरू झाल्यापासून अर्ध्या तासात कळायला हवं. महिनाअखेर प्रत्येक मुलाची हजेरी न मोजता मिळायला हवी.’ लगेच दुसरं वाक्य: ‘ॲप वापरणारी माणसं चार. पालकांना फक्त मेसेज जाईल, त्यांना काहीही डाउनलोड करावं लागू नये.’

या दुसऱ्या वाक्याने निम्मा खर्च वाचतो. वापरणारे चौघंच असतील तर ॲप प्ले स्टोअरवर टाकायची गरज नाही. मोबाइलच्या ब्राउझरमध्ये उघडणारं आणि होम स्क्रीनवर चिन्ह ठेवता येणारं वेब-ॲप पुरतं. प्ले स्टोअरचा रस्ता बंद नाही, पण त्यावर थांबे आहेत. डेव्हलपर खात्याची एकदाची फी २५ डॉलर. शिवाय १३ नोव्हेंबर २०२३ नंतर काढलेलं वैयक्तिक खातं असेल, तर ॲप सर्वांसाठी खुलं करण्याआधी किमान १२ जणांनी ते सलग १४ दिवस चाचणीत वापरावं लागतं. ही अट माहीत नसली की ‘ॲप तयार आहे, फक्त टाकायचं राहिलंय’ या वाक्यावर महिना निघून जातो.

आता खुद्द हजेरी. बहुतेक टिपणांत यावर एक ओळ असते, ‘हजेरी घेता आली पाहिजे’, आणि सगळे वाद त्या ओळीतून निघतात. सहाच्या बॅचला एक मुलगी सहा वाजून वीस मिनिटांनी आली. ती हजर की गैरहजर? शाळेत कार्यक्रम होता म्हणून सकाळच्या बॅचचा मुलगा आज संध्याकाळी बसला. सकाळी त्याच्या घरी मेसेज गेला, मग संध्याकाळच्या हजेरीचं काय? जुळ्या बहिणी एकाच बॅचमध्ये आहेत आणि दोघींचा पालकांचा नंबर एकच आहे. आईने आदल्या दिवशी फोन करून सुट्टी सांगितली होती, तरी ‘गैरहजर’ असा मेसेज जावा का? डेव्हलपर हे प्रश्न विचारेलच असं नाही. तो त्याच्या सोयीचं उत्तर धरून चालतो, आणि ते उत्तर कोणतं होतं हे तुम्हाला जुलैमध्ये एखाद्या चिडलेल्या पालकाकडून कळतं.

म्हणून हे नियम साध्या मराठीत लिहून टाकावेत. आपल्या क्लासपुरतं असं लिहिता येईल: ‘बॅच उघडली की सगळी मुलं हजर दिसतील, शिक्षक फक्त न आलेल्यांच्या नावावर बोट ठेवतील. खुणा चार: हजर, गैरहजर, उशिरा, रजा. बॅच सुरू होऊन पंधरा मिनिटं झाल्यावर हजेरी पक्की करायचं बटण दिसेल. बटण दाबल्यानंतर मेसेज दहा मिनिटं थांबून जाईल. तेवढ्यात मूल आलं तर शिक्षक खूण बदलून उशिरा करतील आणि मेसेज रद्द होईल. रजा असलेल्यांना मेसेज जाणार नाही. दुसऱ्या बॅचला बसलेल्या मुलाचं नाव तिथे पाहुणा म्हणून घालता येईल आणि महिन्याच्या हिशेबात तो दिवस हजर धरला जाईल.’

यातली दहा मिनिटांची थांब लहान दिसते, पण माझ्या मते सगळ्या टिपणातलं सर्वांत कामाचं वाक्य तेच. चुकीच्या नावावर बोट पडणं रोजचं आहे. वर्गात समोर बसलेल्या मुलाच्या आईला ‘तो आला नाही’ असा मेसेज गेला तर ती घाबरून शोधत निघते. असं दोन-तीनदा झालं की पालक मेसेजकडे पाहणं सोडतात, आणि मग ॲप असून नसल्यासारखं.

नेटवर्कचाही नियम लागतो. क्लास तळमजल्याला किंवा जुन्या वाड्यात असेल तर नेट मध्येच जातं. ‘नेट नसतानाही हजेरी घेता यावी, नेट आल्यावर ती आपोआप वर जावी’ असं लिहिलं म्हणजे झालं, असं वाटतं. पण समजा सहाची हजेरी नेटअभावी फोनमध्येच अडकली आणि शिक्षक घरी पोहोचल्यावर रात्री साडेनवाला वर गेली. त्या क्षणी पालकांना मेसेज गेला तर? तोवर मुलगा जेवायला बसलेला असतो. म्हणून पुढची ओळही लिहावी: ‘बॅच सुरू होऊन तासापेक्षा जास्त वेळ झाला असेल तर मेसेज पाठवू नये, सरांच्या पानावर लाल अक्षरांत दाखवावं.’ तपासायची रीतही तिथेच द्यावी. फोन एअरप्लेन मोडवर टाकायचा, हजेरी पक्की करायची, पाच मिनिटांनी नेट सुरू करायचं. मेसेज एकदाच आला पाहिजे. दोन आले तर ॲप तोच निरोप पुन्हा पुन्हा पाठवतंय आणि आधीचा पोहोचला की नाही हे पाहत नाही.

मेसेजच्या बाबतीत मात्र क्लासचालकाला थोडं तांत्रिक जगात उतरावं लागतं. भारतात व्यवसायाच्या नावाने एसएमएस पाठवायचे तर दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे डीएलटी नावाच्या व्यवस्थेत नोंदणी करावी लागते. ती टेलिकॉम कंपन्यांच्या पोर्टलवर होते. आधी क्लासची नोंदणी, मग पाठवणाऱ्याचं छोटं नाव, म्हणजे हेडर, आणि मग मजकुराचा साचा मंजूर करून घ्यायचा. साच्यात मुलाचं नाव, वेळ अशा बदलणाऱ्या जागा आधीच दाखवायच्या असतात. मंजूर साच्याशी न जुळणारा मेसेज वाटेतच अडतो. नंतर ‘गैरहजर’च्या जागी ‘अनुपस्थित’ लिहावंसं वाटलं तरी साचा नव्याने मंजूर करावा लागतो. ही नोंदणी क्लासच्या नावावर, क्लासच्या कागदपत्रांवर व्हायची असल्याने ती डेव्हलपरच्या गळ्यात घालता येत नाही. तो फॉर्म भरायला मदत करेल, पण पॅन कार्ड आणि सही तुमचीच.

मराठी मेसेजची आणखी एक गोम आहे. इंग्रजी एसएमएसच्या एका भागात १६० अक्षरं बसतात, देवनागरीत फक्त ७०. आणि इथे काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त, सगळं सुटं मोजलं जातं. ‘विद्यार्थी’ हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा दिसतो. मोजणीत तो दहा भरतो. आता हा मजकूर पाहा: ‘सई पाटील आज सायं ६ च्या बॅचला गैरहजर आहे. शंका असल्यास क्लासला फोन करावा.’ मोकळ्या जागा धरून तो ७३ भरतो. सत्तरची मर्यादा तीननेच ओलांडली, पण पैसे दोन मेसेजचे लागतात. दुसरं वाक्य काढून टाका, ४१ उरतात. सईच्या जागी ज्ञानेश्वरी कुलकर्णी आली तरी आकडा ५३ च्या पुढे जात नाही.

आपल्या क्लासमध्ये दररोज दहा टक्के मुलं गैरहजर धरली तर दिवसाला १८ आणि २६ दिवसांच्या महिन्यात ४६८ मेसेज होतात. लांब मजकूर ठेवला तर हाच आकडा ९३६. एका मेसेजला वीस पैसे धरले तर फरक महिन्याला शंभर रुपयांच्या आत आहे, म्हणजे डोक्याला हात लावण्यासारखं काही नाही. पण हाच साचा फीच्या आठवणीसाठी सगळ्या पालकांना वापरायचं ठरलं, किंवा क्लासच्या चार शाखा झाल्या, की तो जाणवतो.

‘एसएमएस कोण वाचतं? व्हॉट्सॲपच करू’ असं डेव्हलपर सुचवेल आणि त्याचं म्हणणं बरोबरही असू शकतं. मात्र त्याला विचारा की कोणत्या रस्त्याने. व्हॉट्सॲपची व्यवसायांसाठी अधिकृत व्यवस्था आहे. तिथेही साचे मंजूर करून घ्यावे लागतात आणि जुलै २०२५ पासून अशा साच्याच्या मेसेजला प्रत्येकी दर लागतो. दुसरा रस्ता म्हणजे साधा नंबर कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप वेबने उघडून प्रोग्रामकडून मेसेज सोडणं. हे ‘फुकट’ असतं, डेमोत झकास चालतं, आणि कंपनीच्या लक्षात आलं की नंबर बंद होतो. तो नंबर क्लासच्या पाटीवर छापलेला असला तर काय होईल ते सांगायला नको. टिपणात ‘फक्त अधिकृत मार्ग’ हे तीन शब्द घालावेत.

काय नको, हेही लिहावं. चेहरा ओळखून हजेरी, क्यूआर कार्ड, मुलांचं लोकेशन या गोष्टी डेमोत छान दिसतात. तीस मुलांच्या वर्गात न आलेल्या तीन नावांवर बोट ठेवायला मिनिटभरही लागत नाही, तिथे कॅमेरा कशाला? खर्चापलीकडचंही एक कारण आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती मूल धरली आहे आणि तिची माहिती ठेवायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. म्हणजे आपल्या क्लासमधली सगळीच्या सगळी १८० मुलं. नाव, इयत्ता, बॅच आणि पालकांचा मोबाइल एवढंच ठेवावं. फोटो, आधार क्रमांक, जन्मतारीख मागूच नये. संमतीची ओळ प्रवेशाच्या फॉर्मवर आणावी आणि मूल क्लास सोडून गेल्यावर किती महिन्यांनी त्याची माहिती पुसायची ते टिपणात ठरवून टाकावं.

जुनी नावं ॲपमध्ये कोण भरणार, हा प्रश्न शेवटच्या आठवड्यात निघतो आणि डोकं उठवतो. क्लासची यादी बहुधा एक्सेलमध्ये असते. तिथे लांब नंबर कधी कधी ९.८ ई+०९ अशा विचित्र रूपात दिसतात, काही नंबरांपुढे शून्य असतं, काहींपुढे +९१. यादी जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली असेल तर आणखी कठीण. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीतली अक्षरं युनिकोड नसतात. ॲपमध्ये टाकल्यावर नावांऐवजी भलत्याच इंग्रजी खुणा उमटतात. यादी साफ करून देणं क्लासचं काम की डेव्हलपरचं, हे आधी ठरवावं. मी तर म्हणेन क्लासनेच करावं. कोणता पाटील कोणत्या बॅचला आहे हे मावशींनाच माहीत असतं.

वेळापत्रक शेवटच्या तारखेपासून मागे मोजत आखावं. महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्याला सुरू होतात. त्या दिवशी सहाही बॅचेस ॲपवर हव्या असतील तर काम एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सुरू व्हायला हवं. एप्रिल-मेमध्ये दहावीची व्हेकेशन बॅच चालू असते, गर्दी कमी असते, आणि चाचणीला खरी मुलं हाताशी असतात. आपल्या उदाहरणात आठ आठवडे धरू. पहिल्या आठवड्यात डेव्हलपर कागदावर किंवा चित्रात सगळी पानं काढून दाखवेल. त्याच आठवड्यात क्लास डीएलटीचे कागद भरेल, कारण ती मंजुरी कुणाच्याच हातात नसते. पुढचे दोन आठवडे हजेरीचे, त्यानंतरचे दोन मेसेजचे. सहावा आणि सातवा आठवडा व्हेकेशन बॅचमध्ये रजिस्टर आणि ॲप शेजारी शेजारी चालवायचं. आठवा हस्तांतराचा. वरचे दोन आठवडे अडचणींसाठी राखून ठेवायचे आणि ते डेव्हलपरला मोकळेपणाने सांगायचे.

उशीर एकट्या डेव्हलपरमुळे होत नाही. त्याने सोमवारी पानं पाठवली आणि सरांनी पुढच्या रविवारी पाहिली, तर आठवडा सरांनी खाल्ला. म्हणून टिपणात दोन्ही बाजूंनी बांधून घ्यावं: क्लास प्रत्येक टप्पा मिळाल्यापासून तीन दिवसांत तपासून लेखी कळवेल, न कळवल्यास पुढची तारीख तितकीच सरकेल.

पैशांचे हप्ते इथेच जोडून येतात. घर बांधताना आपण प्लिंथ झाली, स्लॅब पडला की पैसे देतो. ‘काम साठ टक्के झालं’ या शब्दावर कुणी चेक फाडत नाही. सॉफ्टवेअरमध्ये मात्र लोक याच टक्क्यांवर पैसे देतात, कारण स्लॅब कोणता हे ठरवलेलंच नसतं. प्रत्येक हप्ता अशा गोष्टीला बांधावा जी तुम्ही स्वतःच्या हाताने करून पाहू शकता.

एकूण रक्कम साठ हजार ठरली असं समजू. सुरुवातीला नऊ हजार आगाऊ. ते द्यावेतच; डेव्हलपरही पोट घेऊन बसलेला असतो आणि फुकट सुरुवात करणारा माणूस मध्येच दुसऱ्या कामाला लागण्याची शक्यता जास्त. दुसरा हप्ता पंधरा हजार: एका बॅचची तीस खरी नावं ॲपमध्ये आहेत, दोन शिक्षकांनी आपापल्या फोनवर हजेरी घेतली, एअरप्लेन मोडची चाचणी पार पडली. तिसरा पंधरा हजार: क्लासच्या स्वतःच्या हेडरवरून पाच ओळखीच्या पालकांच्या फोनवर मेसेज आले आणि दहा मिनिटांत बदललेल्या नावाचा आला नाही. चौथा बारा हजार: दोन आठवडे रजिस्टर आणि ॲप जोडीने चालले, रोजच्या फरकांची वही ठेवली, आणि शेवटच्या पाच दिवसांत ॲपच्या चुकीने एकही फरक पडला नाही. उरलेले नऊ हजार हस्तांतरानंतर तीस दिवसांनी. रक्कम जीएसटीसह की त्याशिवाय, तेही एका ओळीत लिहावं.

चौथ्या हप्त्याचा टप्पा लोक गाळतात आणि तिथेच फसतात. डेमोत सगळं चालतं, कारण डेमो डेव्हलपर देतो. त्याला कोणतं बटण दाबू नये हे माहीत असतं. फरकांच्या वहीत दुसऱ्याच दिवशी काहीतरी सापडतं: एका शिक्षकाने चुकून कालची तारीख उघडली, किंवा दोघांनी एकाच बॅचची हजेरी घेतली आणि दुसऱ्याने पहिल्याची पुसली.

वहीत सापडलेला प्रत्येक फरक चूक की नवी मागणी, यावरून भांडण होतं. कसोटी सोपी आहे. टिपणात लिहिलंय तसं ॲप वागत नसेल तर ती चूक. ती हस्तांतरानंतर तीन महिने फुकट दुरुस्त व्हावी. टिपणात नव्हतंच तर ती नवी मागणी; तिचे पैसे आणि दिवस आधी लेखी ठरावेत. ‘एवढं फीचं पण टाकून द्या ना’ ही नवीच मागणी आहे, आणि ती छोटी तर मुळीच नाही.

राहिला हस्तांतराचा आठवडा. सर्व्हर, डोमेन आणि एसएमएस सेवेची खाती पहिल्या दिवसापासून क्लासच्या ईमेलवर उघडावीत आणि डेव्हलपरला आत येण्याची परवानगी द्यावी. तो गावी गेला, आजारी पडला किंवा नोकरीला लागला तरी बॅच चालू राहते. यांचा वार्षिक खर्च कामाच्या रकमेत नसतो; तो किती हे त्याच्याकडून आधी लिहून घ्यावं. रोज रात्री हजेरीची एक प्रत एक्सेलमध्ये सरांच्या ईमेलवर यावी. उद्या ॲप पडलं तर ती छापून रजिस्टर म्हणून वापरता येते.

आणि कोड कुणाचा? पैसे दिले म्हणजे आपला, असा सार्वत्रिक समज आहे. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्राम साहित्यकृतीत मोडतो. नोकरीतल्या माणसाने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळं ठरलं नसेल तर, नोकरी देणारा असतो. पण फ्रीलान्सर नोकर नाही, त्यामुळे सहसा मालकी त्याच्याकडेच राहते. ती आपल्याकडे यायला लेखी आणि सही केलेलं हस्तांतर लागतं. त्यातही कलम १९ ची मेख आहे: हस्तांतर किती काळासाठी हे लिहिलं नसेल तर ते पाच वर्षांचं धरलं जातं आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं. शेवटचा हप्ता मिळाल्यावर कोडची मालकी कायमस्वरूपी आणि सर्व देशांसाठी क्लासकडे येईल, हे वाक्य टिपणात आहे का ते पाहा. नसेल तर आगाऊ रक्कम देण्याआधी घालून घ्या आणि खाली दोघांच्या सह्या करा.